अकाउंट्समधली पहिली नोकरी: ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेरा आठवड्यांचं वेळापत्रक

बी.कॉम.चा निकाल लागला, टॅलीचा कोर्स झाला, आता नोकरी. इथून पुढे बहुतेक मुलं-मुली एकच करतात: रात्री मोबाइल घेऊन पंधरा-वीस ठिकाणी 'अप्लाय'चं बटण दाबायचं आणि फोन कधी येतो ते बघत बसायचं. महिन्याने विचारलं तर कुठे कुठे अर्ज केला हेही सांगता येत नाही. मी पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात अकाउंट्सचं काम करतो, नव्या मुलांचे अर्ज माझ्या टेबलावरूनही जातात. त्या अनुभवावरून हे तीन महिन्यांचं वेळापत्रक लिहितोय. ते फक्त ज्युनिअर अकाउंटंट, अकाउंट्स असिस्टंट किंवा सीए ऑफिसात पेड असिस्टंट अशा पहिल्या नोकरीसाठी आहे.

अकाउंट्सचं सगळं काम तारखांवर चालतं. मागच्या महिन्यात कापलेला टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. ११ला जीएसटीआर-१, १५ला पीएफ आणि ईएसआय, २०ला जीएसटीआर-३बी. महिना उलटताना पगार आणि क्लोजिंग. छोट्या कारखान्यात किंवा सीए ऑफिसात तुमची निवड करणारा माणूस हेच काम करत असतो. १९ तारखेला त्याला फोन करून 'सर, माझा अर्ज बघितला का?' असं विचारणारा उमेदवार जीएसटीची तारीख माहीत नसलेला म्हणून लक्षात राहतो. म्हणून आपलं वेळापत्रक त्याच्या वेळापत्रकावर बसवायचं. थेट अर्ज आणि फोन यांसाठी महिन्यातला सगळ्यात मोकळा पट्टा म्हणजे २१ ते २८. त्याखालोखाल १२-१३ आणि १६-१७. बाकीचे दिवस पोर्टलवरच्या अर्जांना आणि अभ्यासाला द्यायचे. मोठ्या कंपन्यांत भरती एचआर करतं, तिथे या तारखांचा एवढा काच नसतो. पण पहिली नोकरी बऱ्याचदा छोट्या जागीच लागते.

पहिला आठवडा: एकही अर्ज नाही

समजा, इंदापूरकडची एक मुलगी आहे. बी.कॉम. झाली आहे, भोसरीत मावशीकडे राहते आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुरुवात करते. तिचा पहिला आठवडा तीन कामांत जातो.

पहिलं काम यादीचं. साठ नावं लिहायची: भोसरी, चिंचवड, मोशी, चाकण या बाजूचे छोटे-मध्यम कारखाने, ट्रेडर्स, ट्रान्सपोर्टवाले आणि पंचवीसेक सीए ऑफिसं. नावं गूगल मॅप्सवर मिळतात, गाळ्यांच्या पाट्यांवर मिळतात आणि मावशीच्या सोसायटीतल्या लोकांकडून तर हमखास मिळतात. प्रत्येक नावापुढे घरापासूनचा प्रवास लिहायचा. दोन बस बदलून जावं लागणाऱ्या ठिकाणी ज्युनिअर मुलगी टिकणार नाही असं मालक धरून चालतो, म्हणून जवळची ठिकाणं यादीत वर ठेवायची.

दुसरं काम एक्सेलच्या एका शीटचं. रकाने सातच: अर्जाची तारीख, ठिकाण, कोणती जागा, कुठून कळलं, कोणाशी बोलणं झालं, पुढची तारीख, निकाल. यातला 'पुढची तारीख' हा रकाना कधीच रिकामा राहता कामा नये. तिथे तारीख तरी असेल, नाहीतर 'बंद' असं लिहिलेलं असेल. रोज सकाळी त्या रकान्यावर फिल्टर लावला की आजचं काम समोर येतं.

तिसरं काम रेझ्युमेचं. 'नॉलेज ऑफ टॅली अँड जीएसटी' ही ओळ प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे ती कोणी वाचत नाही. त्याऐवजी काय केलंय ते लिहावं. टॅलीप्राइमची एज्युकेशनल आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांनाच एंट्री करता येते, पण सरावाला तेवढं पुरतं. एक सराव-कंपनी उघडून तीस खरेदी, तीस विक्री, पंधरा पेमेंट आणि बँक मिळवणी एवढं केलं की रेझ्युमेत एक खरी ओळ लिहिता येते: 'सराव-कंपनीत तीन महिन्यांची खरेदी-विक्री, टीडीएसच्या नोंदी आणि बँक रिकन्सिलिएशन पूर्ण.' रेझ्युमे एका पानाचा असावा, पीडीएफमध्ये असावा आणि फाइलला स्वतःचं नाव असावं. 'रेझ्युमे फायनल न्यू २' नावाच्या फाइली आमच्याकडे किती येतात, विचारू नका.

आठवड्याची आखणी

सोमवार आणि बुधवार अर्जांचे. शुक्रवार पाठपुराव्याचा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी दीड-दीड तास मुलाखतीची तयारी. गुरुवार मुद्दाम तयारीला ठेवलाय, कारण भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नसते. गुरुवारी फोन केला तर वॉचमन उचलतो. तुमच्या भागात सुट्टीचा वार कोणता, ते आधी विचारून घ्या. शुक्रवार नको त्या तारखेला आला तर पाठपुरावा पुढच्या मोकळ्या दिवशी ढकलायचा.

अर्जांचा आकडा तिन्ही महिने सारखा ठेवायचा नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दर आठवड्याला दहा: पाच सीए ऑफिसांना, तीन कारखान्यांना किंवा ट्रेडर्सना, दोन पोर्टलवर. सीए ऑफिसं आधी घ्यायची कारण टॅक्स ऑडिटची मुदत साधारणपणे ३० सप्टेंबरला असते (सरकारने ती वाढवल्याचंही अनेकदा झालंय) आणि त्याआधी त्यांना एंट्रीला हात कमी पडतात. तिथे अर्ज करताना 'पेड असिस्टंट म्हणून' हे स्पष्ट लिहा, नाहीतर तुम्हाला आर्टिकलशिप हवीय असं समजून अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात जातो. 'सप्टेंबरअखेरपर्यंत तात्पुरतं कामही चालेल' ही ओळ घातलीत तर ऑगस्टमध्ये तिला वजन असतं. दीड महिन्याचं ते काम पुढच्या मुलाखतीत अनुभव म्हणून मोजलं जातं.

सप्टेंबरमध्ये सीए ऑफिसांना नवा अर्ज करायचा नाही. त्या महिन्यात आठवड्याला आठ पुरेत: पाच कारखाने-ट्रेडर्स, तीन पोर्टल. गणपतीचे दिवस त्यात आले तर पुण्यात फोनवर फार काही हालत नाही, तो वेळ अभ्यासाला वापरा. ऑक्टोबरमध्ये आठवड्याला सहा, कारण तोवर मुलाखतींनाच दिवस जायला हवेत. सगळे मिळून नव्वदच्या आसपास अर्ज होतात. कमी वाटतील, पण यातला प्रत्येक अर्ज ठिकाण बघून पाठवलेला असतो आणि प्रत्येकाची पुढची तारीख ठरलेली असते.

मेलचा विषय बघून अर्ज उघडला जातो, म्हणून विषयातच काम, शिक्षण आणि राहण्याचं ठिकाण घालायचं: 'ज्युनिअर अकाउंटंट, बी.कॉम., टॅलीप्राइम, राहणार भोसरी.' खाली चार ओळी आणि पीडीएफ. मेल इंग्रजीत लिहिलेला बरा, फोनवर मात्र मराठीत बोलायला अजिबात हरकत नाही.

पाठपुरावा: दोनदा, मग बंद

नियम सोपा आहे. अर्जानंतर सात दिवसांनी पहिला फोन, त्यानंतर साधारण आठवड्याने दुसरा, आणि मग शीटमध्ये 'बंद'. तारीख कामाच्या गर्दीत पडली तर पुढच्या मोकळ्या दिवसावर न्यायची.

आपल्या मुलीने १२ ऑगस्टला भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याला मेल केला. सात दिवसांनी १९ तारीख येते, म्हणजे ३बीच्या आदल्या दिवशी. म्हणून पुढची तारीख २१. त्या दिवशी सकाळी साडेअकरानंतर फोन, कारण दहा ते अकरा बँकेची आणि मालकाची कामं असतात. बोलणं एवढंच:

'नमस्कार सर, मी १२ तारखेला ज्युनिअर अकाउंटंटसाठी अर्ज पाठवला होता. आत्ता एक मिनिट बोलू का, की चारनंतर करू?'

समोरून बहुतेक वेळा तीनपैकी एक उत्तर येतं. 'बघून सांगतो' म्हणाले तर शीटमध्ये २८ ऑगस्ट लिहायचं. 'जागा भरली' म्हणाले तर विचारायचं, 'ठीक आहे सर, तुमच्या माहितीत आणखी कुठे जागा आहे का?' हा प्रश्न विचारायला मुलं लाजतात, पण अकाउंट्सवाल्यांची आपापसात ओळख असते आणि आजूबाजूच्या गाळ्यात कोण सोडून गेलं हे त्यांना पक्कं माहीत असतं. तिसरं उत्तर 'या उद्या, भेटा.' तेव्हा पत्ता, वेळ आणि कोणाला भेटायचं ही तीन उत्तरं घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. २८ला दुसरा फोन झाला आणि तरी 'बघतो'च असेल, तर ते ठिकाण बंद. तिसरा फोन करून काही साधत नाही.

मुलाखत होऊन गेल्यावरही हेच लागू. निघताना 'कधीपर्यंत कळेल?' असं तिथेच विचारा, सांगितलेल्या दिवसानंतरचा दुसरा कामाचा दिवस शीटमध्ये लिहा. आणि कोणी मुलाखतीसाठी, नोंदणीसाठी किंवा ट्रेनिंगसाठी पैसे मागितले, तर ती ओळ लगेच 'बंद'.

तयारीचे तास: काय घोकायचं आणि काय करून बघायचं

ज्युनिअर अकाउंटंटच्या मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' दोन मिनिटांत संपतं. नंतर तुम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवतात किंवा कागदावर एक बिल देतात. म्हणून मंगळवार टॅलीचा, गुरुवार जीएसटी-टीडीएसचा, शनिवार एक्सेलचा.

टॅलीत एंट्री माउसने शोधत बसणारा उमेदवार लगेच कळतो. F4 कॉन्ट्रा, F5 पेमेंट, F6 रिसीट, F7 जर्नल, F8 सेल्स, F9 परचेस एवढं बोटांत बसलं पाहिजे. बँकेतून रोख काढली तर कोणतं व्हाउचर, हा प्रश्न मी स्वतः विचारतो, आणि निम्मी मुलं पेमेंट म्हणतात. पैसा आपल्याच बँकेतून आपल्याच गल्ल्यात आला, म्हणून तो कॉन्ट्रा.

गुरुवारसाठी एकच बिल पुरेसं आहे, पण ते शेवटपर्यंत न्या. मशीन दुरुस्तीच्या कंत्राटदाराचं बिल: काम ५०,००० रुपये, १८ टक्के जीएसटी ९,०००, एकूण ५९,०००. कंत्राटदार पुण्यातलाच, एकट्याच्या मालकीचा धंदा. आता टीडीएस किती? इथे सगळ्यात जास्त मुलं घसरतात आणि ५९,००० वर कापतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस कामाच्या रकमेवर कापायचा, आणि कंत्राटदार व्यक्ती असल्याने दर १ टक्का, म्हणजे ५०० रुपये. तोच कंत्राटदार कंपनी किंवा भागीदारी असता तर २ टक्के, म्हणजे १,०००. नोंद अशी होते: दुरुस्ती खर्च नावे ५०,०००, इनपुट सीजीएसटी नावे ४,५००, इनपुट एसजीएसटी नावे ४,५००, जमेला कंत्राटदार ५८,५०० आणि टीडीएस देय ५००. दोन्ही बाजू ५९,०००.

चांगला मुलाखत घेणारा इथे थांबत नाही. तो विचारतो, 'हे ५०० कधी भरणार?' पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. (मार्चमधल्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते.) 'आणि ९,०००ची क्रेडिट कधी घेणार?' कंत्राटदाराने ११ तारखेपर्यंत आपलं जीएसटीआर-१ भरलं की ते बिल १४ला तयार होणाऱ्या आपल्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसतं आणि २०च्या ३बीत क्रेडिट घेता येते. त्याने भरलंच नाही तर क्रेडिट अडकते आणि त्याला फोन करणं हे ज्युनिअरचं काम. ही साखळी न अडखळता सांगता आली, तर अनुभव नसण्याची अडचण बरीच हलकी होते.

शनिवारी याच्या पुढचं पाऊल: २बी आणि खरेदीचं रजिस्टर जुळवणं. फॅक्टरीत ज्युनिअरच्या हातात दर महिन्याला हेच येतं. रजिस्टरच्या शीटमध्ये B रकान्यात पुरवठादाराचा जीएसटी नंबर, C मध्ये बिल नंबर ठेवा आणि A मध्ये दोन्ही जोडा. २बीच्या शीटला 2B नाव देऊन तिथेही A मध्ये तसंच जोडा, कराची रक्कम E मध्ये ठेवा. मग रजिस्टरमध्ये:

```
A2:  =B2&C2
F2:  =VLOOKUP(A2,'2B'!A:E,5,FALSE)
```

रक्कम आली तर ती रजिस्टरमधल्या कराशी ताडून बघा. #N/A आलं म्हणजे बिल २बीत नाहीच असं मात्र धरू नका. पुरवठादाराने नंबर INV/045 टाकलेला असतो, आपल्या माणसाने INV-45 किंवा नुसतं 45. कधी शेवटी एक स्पेस असते, ती TRIM ने जाते. म्हणून न जुळलेली बिलं आधी जीएसटी नंबर आणि रकमेवरून डोळ्यांनी शोधायची, आणि जी खरोखर सापडत नाहीत त्यांचीच यादी पुरवठादाराला पाठवायची. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. २७ असलेल्या पुरवठादाराच्या इथल्याच साध्या खरेदीवर आयजीएसटी लागलेला दिसला, तर तिथे थांबून बिल पुन्हा वाचा.

बँक मिळवणीसाठी एवढं लक्षात ठेवा की पासबुकात ११८ रुपये वजा दिसले तर ते बहुधा १०० रुपये चार्जेस आणि १८ रुपये जीएसटी असतात. सगळे ११८ खर्चात टाकणारी मुलं बरीच, १८ वेगळे काढून दाखवणारं क्वचित कोणीतरी असतं.

महिनाअखेरची तपासणी

ऑगस्टच्या शेवटी तीसेक अर्ज झालेले असतील. शीटवरून तीन आकडे काढा: किती ठिकाणी माणसाशी बोलणं झालं, किती मुलाखती झाल्या, किती ठिकाणी टॅलीची परीक्षा घेतली. माझा अंदाजपंचे ठोकताळा असा: तिसांत तीन मुलाखतीही नसतील तर अर्जातच गडबड आहे. यादी लांबच्या ठिकाणांची असेल, विषयाची ओळ मोघम असेल, नाहीतर सगळे अर्ज पोर्टलवरच गेले असतील. मुलाखती होतात पण परीक्षेनंतर फोन येत नाही, असं असेल तर सप्टेंबरमध्ये अर्ज आठाऐवजी पाच करा आणि सुटलेला वेळ टॅलीला द्या. प्रत्येक मुलाखतीनंतर घरी आल्या आल्या विचारलेले प्रश्न वहीत लिहा. चार मुलाखतींनंतर प्रश्न पुन्हा तेच येऊ लागतात, आणि गुरुवारचा अभ्यासक्रम त्या वहीतून आपोआप तयार होतो. सप्टेंबरच्या शेवटी हीच तपासणी पुन्हा.

ऑक्टोबर

१ ते ५ ऑक्टोबर सीए ऑफिसांत फोन करू नका, ऑडिटनंतर लोक दोन दिवस रजेवर असतात. ७ ते ११च्या गडबडीतही नाही. त्यांच्याकडे तिमाही विवरणपत्रं भरणारे छोटे व्यापारी खूप असतात, त्यांचं जीएसटीआर-१ १३ला आणि महाराष्ट्रात ३बी २२ला असतं. म्हणून ऑक्टोबरात सीए ऑफिसांसाठी पट्टा २३ ते २८, कारण ३१ला तिमाहीचा टीडीएस रिटर्न येतो. ऑगस्टमध्ये 'सध्या नाही' म्हणालेल्या ऑफिसांना याच पट्ट्यात पुन्हा एक फोन करा. कारखान्यांना मात्र २१पासूनच सुरुवात करता येते.

ऑफर आली की पगार हातात किती ते विचारा, नुसता सीटीसी ऐकून हो म्हणू नका. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो आणि तुमच्या वाट्याचा वेगळा कापला जातो. महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. पुरुषांना १०,०००च्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. आपल्या मुलीच्या पगारपत्रकात २०० वजा दिसले तर तिने ते नम्रपणे विचारावं. अकाउंट्समध्ये अशा प्रश्नाचं कोणी वाईट मानत नाही.

होकार दिला की शीटमधल्या सगळ्या उघड्या ओळींना एक-एक मेसेज: 'सर, मला नोकरी लागली, वेळ दिल्याबद्दल आभार.' ऑक्टोबरअखेर काही जमलं नसेल तर शीट तशीच ठेवा. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर नोकरी बदलणारे बरेच असतात, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांसाठी नोव्हेंबरच्या २१ ते २८ मध्ये 'बंद' केलेल्या पहिल्या वीस ठिकाणी नव्याने फोन करता येतो.